संस्थेसाठी सादरीकरणाचं एक पक्कं टेम्प्लेट: डिझायनर नसताना कार्यकर्त्यांच्या हाती देता येईल असं

आमची संस्था छोटी आहे. ऊसतोडीच्या हंगामात आईबाप कारखान्याला जातात, तेव्हा मुलं गावातच राहून शाळा शिकावीत, यासाठी बीड जिल्ह्यातल्या काही गावांत आम्ही काम करतो. पगारी माणसं मोजकी आहेत, बाकी सगळे स्वयंसेवक. एका वर्षी एका कंपनीच्या सीएसआर समितीसमोर तीन तालुक्यांचं काम एकत्र दाखवायचं होतं. तिघांनी तीन सादरीकरणं पाठवली. आदल्या रात्री ती जोडायला बसलो तेव्हा एकात संस्थेचं बोधचिन्ह आडवं ताणलेलं होतं, दुसऱ्यात मराठी मजकूर दोन वेगळ्या फॉन्टमध्ये होता आणि तिसऱ्यात हिरव्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरं होती. मजकूर तिघांचाही चांगला होता. पण रात्री दोनपर्यंत मी फक्त फॉन्ट आणि रंग दुरुस्त करत होतो, आणि मुलांच्या हजेरीचे आकडे तपासायचे राहून गेले.

त्यानंतर आम्ही टेम्प्लेट केलं. पहिलं फसलं, दुसरं टिकलं. दुसरं कसं केलं ते खाली क्रमाने लिहितो. सगळं गूगल स्लाइड्समध्ये आहे. पॉवरपॉइंट वापरणाऱ्यांसाठी शेवटाकडे वेगळा भाग आहे. पडद्यावरची नावं इंग्रजी मेनूतली दिली आहेत, कारण बहुतेकांचा मेनू इंग्रजीतच असतो.

सुरू करण्याआधी हाताशी ठेवा

- गेल्या दोन वर्षांत संस्थेत झालेली सगळी सादरीकरणं, चांगली-वाईट दोन्ही
- बोधचिन्हाची पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी फाइल, निदान हजार पिक्सेल रुंद. गूगल स्लाइड्स एसव्हीजी फाइल घेत नाही, त्यामुळे छापखान्याकडची ती फाइल इथे उपयोगाची नाही.
- धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक, पॅन, १२ए, ८०जी आणि सीएसआर-१ चे क्रमांक, मूळ कागदावरून उतरवलेले
- संस्थेच्या नावाचं गूगल खातं. टेम्प्लेट कुणाच्या वैयक्तिक खात्यावर ठेवू नका. ती व्यक्ती संस्था सोडून गेली की फाइलही तिच्याबरोबर जाते.

## १. आधी जुनी सादरीकरणं पसरून बघा

आमचं पहिलं टेम्प्लेट फसलं, कारण ते मी मनाने केलं होतं. शीर्षक, ठिपक्यांची यादी, दोन रकाने, आभार. कार्यकर्त्यांना यातलं काहीच नको होतं.

दुसऱ्या वेळी अकरा जुनी सादरीकरणं घेतली, प्रत्येक स्लाइड छोटी करून कागदावर छापली, कात्रीने कापली आणि सतरंजीवर ढीग लावले. 'ही कशासाठी आहे' एवढा एकच प्रश्न विचारायचा, दिसते कशी ते बघायचं नाही. तासाभरात सहा ढीग झाले: सुरुवातीची स्लाइड, एका मुलाची किंवा कुटुंबाची गोष्ट, एक मोठा आकडा, आधी-नंतरचे दोन फोटो, गाववार तक्ता, आणि संस्थेची कायदेशीर माहिती. ठिपक्यांची यादी असलेल्या स्लाइड पुष्कळ होत्या, पण वाचल्यावर कळलं की त्यातल्या बहुतेक या सहांपैकीच कुठल्यातरी होत्या. योग्य चौकट मिळाली नाही म्हणून मजकूर ठिपक्यांत कोंबलेला होता.

तुमचे ढीग वेगळे निघतील. आठच्या वर गेले तर जवळचे दोन एकत्र करा. नव्या माणसाला पंधरा पर्याय दिसले की तो पहिलाच उचलतो.

## २. कोरी फाइल आणि पानाचा आकार

नवं सादरीकरण उघडा. `File > Page setup` मध्ये १६:९ ठेवा. ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या जुन्या प्रोजेक्टरचा पडदा ४:३ असतो. तिथे १६:९ चं पान दाखवलं तर वर-खाली काळ्या पट्ट्या येतात, बाकी काही बिघडत नाही. मात्र मध्येच आकार बदलू नका, मांडलेलं सगळं सरकतं.

इथे एक खाचखळगा आहे. गूगल स्लाइड्सचं १६:९ पान १० इंच रुंद असतं, पॉवरपॉइंटचं १३.३३ इंच. त्यामुळे गूगलमधली १८ ची अक्षरं पडद्यावर पॉवरपॉइंटमधल्या २४ एवढी दिसतात. पॉवरपॉइंटवाल्या मित्राने '२४ पेक्षा लहान नको' असं सांगितलं आणि तुम्ही गूगलमध्ये २४ ठेवलं, तर थोड्याच ओळींत पान भरेल. आम्ही शीर्षकाला २८, मजकुराला १८ आणि फोटोखालच्या ओळीला १४ ठेवलं आहे. १४ च्या खाली काही नाही.

## ३. फॉन्ट: मराठी सादरीकरण इथेच मोडतं

इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत या टप्प्याला दोन ओळी असतात. आपल्याला इथे थांबावं लागतं.

पहिली गोष्ट, एकच फॉन्ट-कुटुंब घ्या आणि त्यात देवनागरी व रोमन दोन्ही असू द्या. आमच्या स्लाइडवर गावांची नावं मराठीत आणि कंपनीचं नाव इंग्रजीत असतं. फक्त रोमन अक्षरं असलेला फॉन्ट निवडला तर मराठी अक्षरं दुसऱ्याच कुठल्यातरी फॉन्टमधून येतात आणि एका ओळीत दोन जाडी दिसतात. आम्ही `Mukta` घेतला. मुंबईच्या एक टाइपने केलेला हा फॉन्ट मोफत आहे, त्यात दोन्ही लिप्या आहेत आणि बारीक ते जाड अशी सात वजनं आहेत. गूगल स्लाइड्समध्ये फॉन्टच्या यादीत `More fonts` वर जा आणि `Scripts` मध्ये `Devanagari` निवडा. `Hind`, `Baloo 2`, `Noto Sans Devanagari` हेही तिथे सापडतील.

निवडलेला फॉन्ट या ओळीवर तपासा:

> दुसऱ्या ॲडमिशनवेळी ट्रॅक्टरच्या टोळीतून परतलेल्या विद्यार्थ्यांची संख्या, ऑक्टोबर

'ऱ्या' मधला र नीट वळतो का, 'ॲ' च्या जागी चौकोन येतो का, 'र्थ्यां' वरचा रफार आणि अनुस्वार एकमेकांवर चढतात का, ते मोठं करून बघा. जुन्या फॉन्टमध्ये 'ॲ' हमखास अडतो.

दुसरी गोष्ट, ओळींमधलं अंतर. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात. शीर्षक दोन ओळींचं झालं आणि अंतर १ पेक्षा कमी असलं, की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो. आम्ही मजकुराला १.१५ ठेवलं. अधोरेखित आणि तिरपी अक्षरं मराठीत टाळा. अधोरेखा उकार कापते, आणि `Mukta` मध्ये तिरपी अक्षरं मुळात नाहीत, त्यामुळे प्रोग्रॅम उभ्या अक्षरांनाच ढकलून तिरपं करतो.

तिसरी गोष्ट टेम्प्लेटच्या हातात नाही, पण लिहून ठेवावी लागते. जुने अहवाल श्रीलिपीत किंवा तसल्याच युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेले असतात. तिथला मजकूर स्लाइडवर चिकटवला की निरर्थक इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं उमटतात. आमच्या एका ताईंनी फोन केला होता, "दादा, गेल्या वर्षीचा अहवाल कॉपी केला तर सगळं परग्रहावरचं दिसतंय, फाइल बिघडली का?" फाइल ठीक होती. तो मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो, आणि रूपांतरानंतर जोडाक्षरं डोळ्यांनी वाचून काढावी लागतात.

## ४. रंग थीममध्ये भरा

`View > Theme builder` उघडा. डावीकडे सगळ्यात वर मास्टर दिसेल, म्हणजे सगळ्या स्लाइडचा पाया, आणि त्याखाली लेआउट, म्हणजे एकेका प्रकारच्या स्लाइडची चौकट. वरच्या पट्टीतल्या `Colors` मध्ये थीमचे रंग असतात. तिथे संस्थेचे रंग भरा. कार्यकर्ता पुढे रंग निवडायला गेला की हेच रंग त्याला सगळ्यात वर दिसतात.

बोधचिन्हातले रंग जसेच्या तसे अक्षरांना वापरता येतात असं नाही. आमच्या बोधचिन्हात झेंडूचा पिवळा आहे, `#F2A900`. पांढऱ्यावर त्याची अक्षरं लिहिली तर दोन रंगांतला फरक जेमतेम २:१ भरतो, आणि वाचनीयतेसाठी साध्या मजकुराला निदान ४.५:१ लागतो. दुपारी, खिडक्या उघड्या असलेल्या शाळेच्या खोलीत ती अक्षरं दिसतच नाहीत. म्हणून पिवळा फक्त पट्टी आणि तक्त्यांच्या खांबांसाठी ठेवला आणि अक्षरांसाठी गडद हिरवा `#1F5C4A` घेतला. पांढऱ्याशी त्याचा फरक ७ च्या वर आहे. रंगांचा फरक मोजणारी मोफत साधनं इंटरनेटवर भरपूर आहेत, दोन रंगांचे क्रमांक टाकले की उत्तर मिळतं.

थीममधले नको असलेले आधीचे रंगही बदलून टाका. तसेच सोडले तर कुणीतरी ते वापरणारच.

## ५. लेआउट बांधा

सगळं टेम्प्लेट एका फरकावर उभं आहे. `Theme builder` मध्ये साधा मजकूर, चित्र किंवा आकार ठेवला, तर तो स्लाइडवर दिसतो, पण तिथून हलवता किंवा पुसता येत नाही. प्लेसहोल्डर ठेवला, तर स्लाइडवर ती भरायची जागा होते. म्हणून जे कधी बदलू नये ते साधं ठेवा आणि जे प्रत्येकाने भरायचं आहे त्याचा प्लेसहोल्डर करा. बोधचिन्ह मास्टरवर साधं चित्र म्हणून ठेवलं, आणि ताणलेल्या बोधचिन्हाचा प्रश्न त्या दिवशी संपला.

उलटी चूकही होते. माझ्या पहिल्या टेम्प्लेटमध्ये 'गावाचं नाव' ही साधी मजकूर-चौकट होती. लोकांना ती भरता येईना, म्हणून त्यांनी तिच्यावर पांढरा चौकोन टाकून नवी चौकट काढली.

मास्टरवर शीर्षकाचा आणि मजकुराचा फॉन्ट, आकार, रंग, अंतर एकदाच ठरवा, खालचे लेआउट ते आपोआप घेतात. एखाद्या लेआउटमध्ये हाताने वेगळा आकार दिलात, तर पुढे मास्टर बदलल्यावर तेवढा लेआउट जुनाच राहतो. त्यामुळे लेआउटमध्ये फक्त जागा बदला, अक्षरांना शक्यतो हात लावू नका.

आता एक लेआउट पूर्ण करून दाखवतो: 'एक मोठा आकडा'.

आमच्या जुन्या स्लाइडवर असं लिहिलेलं असायचं: 'यंदा हंगामी वसतिगृहात नाव नोंदवलेल्या ४२ मुलांपैकी ३८ मुले हंगाम संपेपर्यंत गावात राहिली व शाळेत नियमित उपस्थित होती.' ओळ खरी आहे, पण पडद्यावर सापडत नाही. या लेआउटमध्ये तिचे तीन तुकडे होतात.

फक्त शीर्षक असलेल्या लेआउटची `Duplicate layout` ने दुसरी प्रत करा. शीर्षक वर राहू द्या. `Insert > Placeholder` मधून मजकुराचा एक प्लेसहोल्डर डावीकडे काढा, पानाच्या साधारण निम्म्या रुंदीचा, अक्षरं ८०, वजन जाड, रंग गडद हिरवा. इथे '४२ पैकी ३८' एवढंच येईल. आकार इथे हाताने द्यावाच लागतो, हा या लेआउटपुरता अपवाद. दुसरा प्लेसहोल्डर उजवीकडे, १८ चा: 'मुलं हंगामभर गावात राहिली'. तिसरा अगदी तळाशी, १४ चा: आकडा कुठून आला आणि कोणत्या तारखेपर्यंतचा आहे. 'वसतिगृहाचा हजेरीपट, नोव्हेंबर ते मार्च' असं काहीतरी.

हा तिसरा प्लेसहोल्डर मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तो रिकामा राहिला की स्लाइड अर्धवट दिसते, आणि कार्यकर्ता हजेरीपट उघडतो. पूर्वी आकड्याचा आधार मला फोन करून विचारावा लागायचा.

शेवटी प्रत्येक मजकूर-प्लेसहोल्डर निवडून `Format options > Text fitting` मध्ये `Do not autofit` करा. नाहीतर मजकूर जास्त झाला की अक्षरं गुपचूप लहान होत जातात आणि लिहिणाऱ्याला कळतही नाही. मजकूर चौकटीबाहेर सांडलेला दिसला, तर तो माणूस स्वतःच वाक्य कापतो.

फोटोंच्या लेआउटसाठी `Insert > Placeholder` मधला चित्राचा प्लेसहोल्डर घ्या. त्यात टाकलेला फोटो चौकटीच्या मापाने कापला जातो, ताणला जात नाही. फोनवरचे फोटो बहुधा उभे असतात, म्हणून 'एका मुलाची गोष्ट' या लेआउटमध्ये आम्ही उभी चौकट ठेवली. पहिल्या टेम्प्लेटमध्ये ती आडवी होती आणि प्रत्येक मुलाचं कपाळ कापलं जायचं.

लेआउट झाले की प्रत्येकाला `Rename` ने मराठी नाव द्या: 'एका मुलाची गोष्ट', 'आधी आणि नंतर', 'गाववार तक्ता'. आणि गूगलने दिलेले बाकीचे सगळे लेआउट काढून टाका.

## ६. नमुना स्लाइड भरून ठेवा

आता `Theme builder` बंद करा आणि प्रत्येक लेआउटची एक स्लाइड खऱ्यासारखा मजकूर टाकून भरा. 'इथे मजकूर लिहा' असं लिहून ठेवू नका. भरलेलं उदाहरण बघून माणूस वाक्याची लांबी आपोआप पकडतो. सूचना स्लाइडखालच्या वक्त्याच्या टिपांमध्ये लिहा. आमच्या गोष्टीच्या स्लाइडखाली तीन वाक्यं आहेत: पालकांची लेखी संमती घेतली का, मुलाचं नाव बदललं का, गाव आणि चेहरा एकत्र देऊ नका.

कायदेशीर माहितीची स्लाइड पूर्ण भरून ठेवा आणि ती दरवर्षी तपासा. ८०जी च्या नोंदणीला मुदत असते आणि २०२१ मध्ये जुन्या संस्थांनाही नव्याने नोंदणी करावी लागली होती. त्यामुळे जुन्या सादरीकरणातून उचललेला क्रमांक कालबाह्य असू शकतो. सीएसआरचा निधी घ्यायला सीएसआर-१ ची नोंदणी १ एप्रिल २०२१ पासून लागते, तो क्रमांक नसेल तर कंपनीचा पहिला प्रश्न तोच येतो.

## ७. वाटायची लिंक

मूळ फाइल सगळ्यांसाठी फक्त 'बघता येईल' अशी ठेवा. संपादनाचा हक्क दोघांनाच. मग लिंकच्या शेवटचा `edit` आणि त्यापुढचं सगळं पुसून `copy` लिहा:

```
https://docs.google.com/presentation/d/FILE_ID/copy
```

ही लिंक उघडली की गूगल थेट प्रत करण्याबद्दल विचारतं. मूळ फाइलमध्ये चुकून कुणी काही लिहिण्याचा प्रश्न राहत नाही. आम्ही ती व्हॉट्सॲप गटात पिन करून ठेवली आहे.

एक मर्यादा आधीच माहीत असू द्या: प्रत झाली की तिचा मूळ फाइलशी संबंध तुटतो. तुम्ही उद्या टेम्प्लेटमध्ये रंग बदललात तरी कालच्या प्रतींत तो बदलत नाही. म्हणून फाइलच्या नावातच महिना घाला. 'टेम्प्लेट जून' असं नाव असलं की कोण जुन्या प्रतीवर काम करतंय ते दिसतं.

## ८. एका नव्या माणसाला देऊन गप्प बसा

टेम्प्लेट करताना जो जवळ नव्हता, अशा कार्यकर्त्याला लिंक द्या, त्याच्या गावाचं पाच स्लाइडचं सादरीकरण करायला सांगा आणि शेजारी बसा. मदत करू नका, फक्त लिहून घ्या.

आमच्याकडे गेवराईच्या एका दादांनी पहिल्याच मिनिटाला जुन्या सादरीकरणातल्या स्लाइड उचलून इथे चिकटवल्या. त्यांच्यासोबत जुने रंग आणि फॉन्टही आले. टेम्प्लेट बिघडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. `Theme` च्या पट्टीत `In this presentation` खाली एकाहून जास्त थीम दिसल्या, तर असंच काहीतरी झालेलं असतं. उपाय साधा आहे: जुन्या स्लाइडमधला फक्त मजकूर उचलायचा आणि `Ctrl+Shift+V` ने चिकटवायचा, म्हणजे तो इथल्या रूपात येतो. चौकटी सरकल्या असतील, तर `Slide > Apply layout` मधून तोच लेआउट पुन्हा द्या, त्या जागेवर येतात.

## पॉवरपॉइंटवरच काम असेल तर

`View > Slide Master` मध्ये हेच सगळं करता येतं. फाइल `.potx` म्हणून जतन करा. संगणकावर ती दोनदा टिचकी मारून उघडली की नवं, नाव नसलेलं सादरीकरण तयार होतं आणि मूळ फाइल शाबूत राहते.

फॉन्टचा पेच मात्र इथे जास्त आहे. पॉवरपॉइंट देवनागरीला 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' मानतं आणि तिच्यासाठी रोमनपेक्षा वेगळा फॉन्ट लक्षात ठेवतं. तुम्ही थीममध्ये `Mukta` निवडला तरी तो फक्त रोमन अक्षरांना लागू होऊ शकतो, आणि मराठी मंगलमध्येच राहते. ऑफिसच्या भाषांमध्ये मराठी किंवा हिंदी जोडा, मग `Customize Fonts` च्या चौकटीत कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचे वेगळे रकाने दिसू लागतात. तिथेही `Mukta` भरा.

शिवाय ज्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नाही, तिथे मांडणी बदलते. गूगलमधून `.pptx` उतरवून नेलं तरी हेच होतं. `File > Options > Save` मध्ये फॉन्ट फाइलमध्येच बसवायचा पर्याय आहे, तो चालू करा. आणि दुसऱ्याच्या लॅपटॉपवर दाखवायचं असेल तेव्हा पेनड्राइव्हवर पीडीएफ प्रतही न्या. पीडीएफमध्ये अक्षरं जशीच्या तशी राहतात.

## ९. टेम्प्लेट कधी बदलायचं

आम्ही वर्षातून एकदा, जूनमध्ये, शाळा सुरू होताना बदलतो. मधल्या काळात कुणी लेआउटबाहेरची स्लाइड केली तर रागवायचं नाही, ती एका फोल्डरमध्ये जमा करायची. तीन वेगळ्या माणसांनी एकाच कामासाठी तशी स्लाइड केलेली दिसली, की तिचा लेआउट करायचा. गेल्या जूनमध्ये त्या फोल्डरमध्ये 'कोणती टोळी कोणत्या कारखान्याला, कधी निघणार' असे चार तक्ते सापडले. आता तो सातवा लेआउट आहे.